सुएझ बंद झाल्यावर: वळसा, रेल्वे की विमान?

प्रश्न: शांघायहून रॉटरडॅमला आमचा दर आठवड्याला एक चाळीस फुटी कंटेनर जातो. तांबड्या समुद्राचा मार्ग बंद झाल्यावर फॉरवर्डरने तीन दर पाठवले: आफ्रिकेला वळसा घालून जहाजानं, रेल्वेनं आणि विमानानं. जहाज सगळ्यात स्वस्त, पण दोन आठवडे उशीर. निर्णय या दरांवरूनच घ्यायचा की आणखी काही बघायचं? आणि नुसत्या जादा इंधनापोटी जहाजाचं भाडं तिप्पट-चौपट कसं होतं?

उत्तर:

नुसत्या दरांवरून निर्णय घेऊ नका. आधी कागदावर दोन गोष्टी काढा: तुमच्या गोदामात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत माल नसेल, आणि तेवढ्या दिवसांत किती नग विकले गेले असते. घाईनं न्यायचा माल तेवढाच. बाकी सगळा वळसा घालून येऊ द्या. बहुतेक मालाच्या बाबतीत हे प्रमाण आपल्याला भीती वाटते त्यापेक्षा बरंच कमी निघतं. ते कसं काढायचं ते पुढे सांगतो, पण भाड्याचा प्रश्न आधी घेतो. तो नीट कळला नाही तर पहिल्याच आठवड्यात माणूस घाबरून वर्षभराचा महागडा करार करून बसतो.

जहाज कंपनीच्या बाजूनं बघू. समजा जहाज १४,००० टीईयूचं आहे, म्हणजे वीस फुटी कंटेनर मोजले तर १४,००० मावतात. सिंगापूर ते रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ८,३०० नॉटिकल मैल आहे आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून साधारण ११,८००. फरक साडेतीन हजार मैलांचा. १६ नॉटच्या वेगानं जहाज दिवसाला ३८४ मैल कापतं, म्हणजे नऊ दिवस जादा. रोजचं इंधन १०० टन आणि टनाला ६०० डॉलर धरले, तर नऊ दिवसांचं इंधन ५ लाख ४० हजार डॉलरचं. जहाजाचं रोजचं भाडं ६० हजार डॉलर धरलं तर तेही नऊ दिवसांचं ५ लाख ४० हजार. वळशाचा खर्च झाला पावणेअकरा लाखांच्या आसपास. यातून कालव्याचा टोल वाचतो. एवढ्या जहाजाला तो साडेपाच लाख धरू. म्हणजे वळसा सव्वापाच लाखांनी महाग पडतो, आणि म्हणूनच शांततेच्या काळात सगळे सुएझनं जातात.

आता यात युद्धजोखमीचा विमा घाला. हा विमा जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत आणि एका फेरीपुरता आकारला जातो. नोव्हेंबर २०२३ पर्यंत तांबड्या समुद्रासाठी तो नगण्य होता. जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि २०२४ च्या सुरुवातीला तो एक टक्क्याजवळ गेला. १५ कोटी डॉलरच्या जहाजाला एक टक्का म्हणजे १५ लाख डॉलर, एका फेरीचे. वळशाचा जादा खर्च सव्वापाच लाख होता, म्हणजे विमा किमतीच्या साधारण ०.३५ टक्क्याच्या वर गेला की नुसत्या पैशाच्या हिशेबानंही केप स्वस्त पडतं. खलाशांच्या जिवाचा विचार तर त्याच्याही आधी येतो. हाच हिशेब उलटाही चालतो: एप्रिल २०२० मध्ये इंधन इतकं स्वस्त झालं होतं की कालवा उघडा असतानाही काही कंटेनर जहाजं टोल वाचवायला केपला वळसा घालून गेली.

आता तो सव्वापाच लाखांचा फरक कंटेनरवर वाटून बघा. जहाज नव्वद टक्के भरलं तर चाळीस फुटी कंटेनर झाले ६,३००. एकाच्या वाट्याला जेमतेम ८५ डॉलर येतात. परतीच्या फेरीत बरेच कंटेनर रिकामे असतात, म्हणून तिचाही भार याच फेरीवर टाकला तरी १७० डॉलर. प्रत्यक्षात शांघाय ते रॉटरडॅमचा हजर बाजारातला दर नोव्हेंबर २०२३ मध्ये बाराशे डॉलरच्या आसपास होता, जानेवारी २०२४ च्या शेवटी पाच हजारांच्या जवळ पोचला आणि जुलै २०२४ मध्ये आठ हजारांच्या वर गेला. म्हणजे तुमची शंका बरोबर आहे, ही वाढ इंधनाची नाहीच.

ही वाढ जहाजांच्या टंचाईची आहे. समजा एका साप्ताहिक सेवेला चीनहून युरोपला जाऊन परत यायला ८४ दिवस लागतात. दर आठवड्याला एक जहाज सुटायचं तर त्या सेवेला बारा जहाजं हवीत. वळशामुळे जाता-येता मिळून दोन-अडीच आठवडे वाढले की त्याच सेवेला चौदा जहाजं लागतात. प्रत्येक सेवेला दोन जादा जहाजं एका रात्रीत कुठून येणार? मग काही आठवडे जहाजच सुटत नाही, सुटतं त्यातली जागा कमी पडते, आणि रिकामे कंटेनर चीनला उशिरा परततात म्हणून तिथे भरायला कंटेनरही मिळत नाहीत. उरलेल्या जागेचा जणू लिलाव होतो. तुम्ही भरता ते पाच हजार त्या लिलावातली बोली असते.

वेग वाढवून दिवस का भरून काढत नाहीत, असं लोक विचारतात. काढतात, पण थोडेच. रोजचं इंधन साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ११,८०० मैलांचा प्रवास १६ ऐवजी १८ नॉटनं केला तर साडेतीन दिवसही वाचत नाहीत आणि इंधन जवळजवळ ८०० टन जास्त जळतं. म्हणजे साडेतीन दिवसांसाठी जवळपास अख्ख्या वळशाएवढं इंधन.

टंचाईची वाढ असते म्हणून ती ओसरतेही. २०२४ आणि २०२५ मध्ये नवी जहाजं पाण्यात आली. बहुतेक मोठ्या कंपन्या केपमार्गेच जात असतानाही २०२५ च्या शरद ऋतूत हा दर दोन हजार डॉलरच्या खाली आला होता. वळसा तोच, मैल तेच. म्हणून संकटाच्या पहिल्या दोन महिन्यांत लांब मुदतीचा दर बांधून घेऊ नका. घ्यावाच लागला तर दर तीन महिन्यांनी बाजारभावाशी जोडून बदलेल असं कलम त्यात घाला.

मार्ग कशामुळे बंद झाला यावर थांबायचं की वळायचं ते ठरतं. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझमध्ये आडवं रुतलं आणि २९ मार्चला सुटलं. मागे चारशेहून जास्त जहाजं खोळंबली होती, ती रांग ३ एप्रिलपर्यंत संपली. त्या आठवड्यात काही जहाजं केपकडे वळली. कालव्याच्या तोंडाशी येऊन वळायचं तर दोन आठवडे जातात, त्यामुळे जवळ पोचलेल्यांसाठी थांबणंच शहाणपणाचं ठरलं. अपघात असेल आणि ड्रेजर, टग कामाला लागलेले असतील तर मी किमान आठवडाभर काहीही हलवत नाही. पनामात २०२३-२४ ला दुष्काळामुळे कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून तलावाचं पाणी घटलं, तेव्हा कालवा बंद नव्हता. रोजची जहाजं साधारण ३६ वरून २२ पर्यंत कमी केली होती. ज्यांचा क्रमांक आधी आरक्षित होता ते जात होते, बाकीचे थांबत होते किंवा लिलावात बोली लावत होते. एका जहाजानं नोव्हेंबर २०२३ मध्ये पुढचा क्रमांक मिळवायला जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. असं संकट महिनोन्‌महिने चालतं, पण पाऊस आणि तलावाची पातळी बघून त्याचा अंदाज बांधता येतो. युद्ध किंवा हल्ले असतील तर अंदाज बांधायच्या भानगडीत न पडता लगेच केपचा हिशेब धरा. होर्मुझची गोष्ट वेगळी. तिथे समुद्रानं वळसाच नाही. आतल्या बंदरांचा माल खोर फक्कान, फुजैरा, सोहार अशा बाहेरच्या बंदरांत उतरवून ट्रकनं न्यायचा, एवढाच मार्ग उरतो.

आता तुमचा हिशेब. तुम्ही माल काय आहे ते लिहिलेलं नाही, म्हणून उदाहरण म्हणून छोटी घरगुती विजेवरची यंत्रं धरतो. एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये १,५०० नग, प्रत्येकी खरेदी ८० डॉलर, म्हणजे कंटेनरची किंमत १ लाख २० हजार. वजन ९ टन, आकारमान ६५ घनमीटर. एका नगावर ४० डॉलर नफा सुटतो आणि आठवड्याला १,५०० नग विकले जातात. दर असे धरू: केपमार्गे ५,००० डॉलर आणि ४२ दिवस, रेल्वेनं ८,००० डॉलर आणि २० दिवस, विमानानं किलोला ४ डॉलर आणि दारापासून दारापर्यंत ७ दिवस. एरवी सुएझनं ३१ दिवस लागायचे.

विमानाचं बिल काढताना पहिली चूक वजनात होते. कंटेनरमध्ये माल ९ टनांचा असला तरी विमान कंपनी एका घनमीटरला किमान १६७ किलो धरते. ६५ घनमीटरचे झाले १०,८५५ किलो. खऱ्या वजनापेक्षा हे जास्त, म्हणून बिल यावर. चार डॉलरनं ४३,४०० डॉलर, म्हणजे नगामागे २९. पुठ्ठ्याच्या खोक्यात जी हवा भरलेली असते तिचंही भाडं तुम्ही देता. म्हणून विमानानं न्यायचंच तर किरकोळ विक्रीच्या मोठ्या खोक्यातून काढून दाटीवाटीनं भरता येईल का, ते कारखान्याला आधी विचारा. १७ टक्के आकारमान कमी झालं की बिलातले सुमारे ७,४०० डॉलर वाचतात. त्याच्या पुढे मात्र खरं वजनच जड ठरतं आणि बचत थांबते.

आता उशिराची किंमत. अडकलेल्या पैशावर वर्षाला दहा टक्के धरले तर १ लाख २० हजारांवर दिवसाला ३३ डॉलर. रेल्वे केपपेक्षा २२ दिवस लवकर पोचते, त्यातून वाचतात सुमारे ७२५ डॉलर. जादा मोजावे लागतात ३,०००. म्हणजे नुसत्या व्याजाच्या बळावर रेल्वे परवडत नाही. कुठल्या मालाला परवडेल? ३,००० ला २२ नं भागलं की दिवसाला १३६ डॉलर. एवढं व्याज ज्या कंटेनरवर चढतं त्याची किंमत पाच लाख डॉलरच्या आसपास हवी. हाच हिशेब विमानाला लावला तर कंटेनरची किंमत ४० लाखांच्या घरात, म्हणजे किलोला चारशे-साडेचारशे डॉलर, हवी. मोबाइल, चिप, औषधं नेहमीच विमानानं का जातात आणि फर्निचर कधीच का जात नाही, ते इथे दिसतं.

पण व्याज हा उशिराचा छोटा भाग. मोठा भाग म्हणजे गोदाम रिकामं असताना न झालेली विक्री. तो काढायला दिवसांची पट्टी आखावी लागते, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. 'माल अकरा दिवस उशिरा येणार' याचा अर्थ 'प्रत्येक कंटेनरचं अकरा दिवसांचं नुकसान' असा होत नाही. माल दर आठवड्याला सुटतोच आहे आणि वळशाची सवय झाली की दर आठवड्याला पोचणारही आहे. खंड पडतो तो एकदाच, सुरुवातीला.

मार्ग बंद झाला तो दिवस शून्य धरा. कालवा पार केलेलं शेवटचं जहाज भूमध्य समुद्रातून दहाव्या दिवशी रॉटरडॅमला लागेल. त्याच्या मागचं सतराव्या दिवशी यायचं होतं. ते एव्हाना एडनच्या आखाताजवळ पोचलंय आणि त्याला सगळ्यात जास्त फटका बसतो. सिंगापूरहून थेट केपकडे निघालेल्या जहाजाला जादा साडेतीन हजार मैल पडतात. एडनहून मागे फिरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यानं खाली उतरणाऱ्याला पाच हजारांच्या वर. म्हणजे दोन आठवडे. ते सतराव्याऐवजी एकतिसाव्या दिवशी येईल. त्याच्या मागचं हिंदी महासागराच्या मध्यावर होतं, तिथून त्याचा वळसा जरा कमी, म्हणून चोविसाव्याऐवजी पस्तिसाव्या दिवशी. त्यामागचं एकतिसाव्याऐवजी एक्केचाळिसाव्या. लक्ष द्या, मागच्या जहाजांना उशीर कमी होतोय, म्हणून पहिल्या उशिरानंतर माल जरा दाटीनं येतो.

आता साठा. दहाव्या दिवशी आलेला कंटेनर सतराव्यापर्यंत पुरतो. तुमच्याकडे आठवड्याचा राखीव साठा आहे असं धरलं तर चोविसाव्यापर्यंत. पुढचा माल एकतिसाव्या दिवशी. म्हणजे गोदाम सात दिवस रिकामं आणि न विकले गेलेले नग १,५००. एकच कंटेनर. त्यानंतर पस्तिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या दिवशीच्या कंटेनरांनी साखळी पुन्हा जुळते. राखीव साठा दोन आठवड्यांचा असता तर काहीच हलवावं लागलं नसतं.

रेल्वेची अडचण याच पट्टीवर दिसते. खिंडार चोविसाव्या दिवशी पडतं. रेल्वेला वीस दिवस लागतात, पण ते गाडी सुटल्यापासून. संकटात जागा मिळायला आठवडा सहज जातो, कारण तुमच्यासारखे सगळेच त्या दिवशी रेल्वेकडे धावतात. मग शांघायहून चेंगडू किंवा शिआनसारख्या गाडी सुटणाऱ्या ठिकाणी कंटेनर न्यायचा, आणि पलीकडे पोलंड किंवा जर्मनीतून ट्रकनं गोदामापर्यंत. माल तिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी पोचतो, म्हणजे जहाजाच्याच बरोबरीनं. या उदाहरणात रेल्वे खिंडार बुजवायला उशिराची आणि नेहमीच्या मालाला महागाची. ती उपयोगी पडते ती पाच लाखांच्या आसपासच्या कंटेनरला, किंवा जहाजात जागाच मिळत नसेल तेव्हा, किंवा तुमचा कारखाना समुद्रापासून हजार-दीड हजार किलोमीटर आत असेल तेव्हा.

रेल्वेबद्दल आणखी एक भ्रम असतो: समुद्र बंद झाला तर सगळं रुळांवर टाकू. एका गाडीत चाळीस-पन्नास चाळीस फुटी कंटेनर मावतात. २०,००० टीईयूचं एक जहाज रिकामं करायला दोनशेहून अधिक गाड्या लागतील. शिवाय तिथेही अरुंद जागा आहेत. चीन आणि युरोपात रूळ १,४३५ मिलिमीटरचे, मधल्या कझाकस्तान, रशिया, बेलारूसमध्ये १,५२० चे. दोन ठिकाणी कंटेनर एका गाडीवरून दुसरीवर उचलावे लागतात. पश्चिमेकडचं ठिकाण म्हणजे बेलारूसमधलं ब्रेस्त आणि पोलंडमधलं मालाशेविचे. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडनं ही सरहद्द जवळजवळ दोन आठवडे बंद केली आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. रशियातून जाणाऱ्या मालाला निर्बंधांचे नियम लागू आहेत का, विमा कंपनी तिथली जोखीम घेते का, हे जागा घेण्याआधी लेखी विचारा. कॅस्पियन समुद्र ओलांडून अक्ताऊ, बाकू, जॉर्जियामार्गे जाणारा मार्ग रशिया टाळतो, पण त्यात माल मध्येच जहाजावर चढवावा-उतरवावा लागतो आणि दिवसांची खात्री राहत नाही. आणि हिवाळ्यात कझाकस्तानच्या माळावर तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतं. पाण्याचा अंश असलेला माल, रंग, चिकटद्रव्यं त्या गाडीत घालू नका.

मग उरतं विमान, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पर्याय: अर्धं जहाज, अर्धं विमान. शांघायहून सिंगापूर, कोलंबो किंवा दुबईपर्यंत समुद्रानं, तिथून युरोपला विमानानं. ही तिन्ही ठिकाणं तांबड्या समुद्राच्या अलीकडे आहेत, म्हणून त्या संकटात हा मार्ग चालतो. दर सरळ विमानाच्या निम्मा ते दोन तृतीयांश. आपल्या कंटेनरला २६,००० डॉलर आणि सिंगापूरमार्गे १६ दिवस धरू. नगामागे साधारण १७ डॉलर. मार्ग बंद झाल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत माल हलला तर तो विसाव्या दिवसाच्या आत पोचतो, म्हणजे खिंडाराच्या आधी.

विमानाला २९, मिश्र मार्गाला १७, आणि न झालेल्या विक्रीचं नुकसान ४०. वरवर दोन्ही परवडतात. पण ते ४० तेव्हाच खरे, जेव्हा गिऱ्हाईक तुमची वाट न बघता दुसऱ्याचं यंत्र घेतं. अर्धी गिऱ्हाइकं आठवडाभर थांबणार असतील तर एका नगाचं खरं नुकसान २० डॉलर. मग विमान तोट्यात आणि मिश्र मार्ग जेमतेम फायद्यात. थांबणारी गिऱ्हाइकं किती, हे मालवाहतूकवाल्याला माहीत नसतं. ते तुमच्या विक्री विभागाला विचारावं लागतं, आणि तिथून येणारं पहिलं उत्तर 'कोणीच थांबणार नाही' हेच असतं. मागे कधी माल संपला होता तेव्हा पुढच्या महिन्यात विक्री नेहमीपेक्षा किती वाढली, ते आकडे मागा. वाढ दिसली तर तेवढी गिऱ्हाइकं थांबली होती. याउलट माल मोठ्या साखळी दुकानांना जात असेल आणि करारात उशिराला दंड असेल, तर तो दंड ४० मध्ये मिळवा. तिथे विमानही बिनदिक्कत परवडतं.

माझा कौल असा: १,५०० पैकी साधारण १,००० नग मिश्र मार्गानं, आणि ५०० नगांची विमानातली जागा विचारून ठेवायची, पण दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत पक्की करायची नाही. तोपर्यंत विक्रीचा वेग आणि अडकलेल्या जहाजाचा खरा मार्ग दोन्ही कळतात. मिश्र मार्गात चूक होते ती मधल्या विमानतळावर. २०२४ च्या सुरुवातीला दुबईत असा माल एकदम वाढला होता. संकटात गोदामं भरली की कंटेनर बंदरावरून विमानतळावर येतो आणि मग विमानाच्या रांगेत पडून राहतो. फॉरवर्डर नुसता 'एकूण १६ दिवस' म्हणाला तर पुरेसं नाही. विमानाचा क्रमांक आणि तारीख लिहून मिळाली तरच जागा पक्की समजा.

जे कंटेनर अडकलेल्या जहाजावरच आहेत ते मध्येच उतरवून विमानानं न्यावेत, असं सगळ्यांना सुचतं. क्वचितच जमतं. जहाज मध्ये कुठल्या बंदराला लागणार हे कंपनी ठरवते, तुमचा कंटेनर इतर कंटेनरांच्या खाली असतो, आणि उतरवण्याचं ठिकाण बदलायला बिल ऑफ लॅडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीनं दिलेल्या मालाच्या पावतीच्या, सगळ्या मूळ प्रती परत द्याव्या लागतात. त्यापेक्षा कारखान्यात तयार असलेला किंवा पुढच्या आठवड्यासाठी भरायला काढलेला माल हलवणं नेहमी लवकर होतं.

कागदांबद्दल दोनच गोष्टी. बिल ऑफ लॅडिंगच्या मागच्या बाजूला जहाज कंपनीला मार्ग बदलायची मुभा देणारं कलम असतं, त्यामुळे वळशाच्या उशिराबद्दल तिच्याकडून भरपाईची आशा धरू नका. तुमचा मालाचा विमाही नुसत्या उशिराचं नुकसान देत नाही, अगदी सर्वात व्यापक पॉलिसीतही. युद्धजोखीम ही त्या पॉलिसीला वेगळी जोडलेली असते आणि विमा कंपनी सात दिवसांच्या सूचनेनं ती काढून घेऊ शकते, म्हणून ती सध्या चालू आहे का ते आजच विचारा. दुसरी गोष्ट, खरेदी एफओबी असेल तर वाढलेलं भाडं तुमच्या डोक्यावर, सीआयएफ असेल तर विकणाऱ्याच्या. सीआयएफवर घेत असाल तर तो बहुधा सगळ्यात स्वस्त, म्हणजे सगळ्यात हळू जहाज निवडेल. तुमच्या साठ्याच्या पट्टीला ते चालतंय का, हे त्याला आधी कळवा.

आणि मार्ग उघडेल त्या दिवशी हीच पट्टी उलटी आखावी लागेल. केपमार्गे निघालेलं जहाज आणि त्यानंतर दीड आठवड्यानं सुएझमार्गे निघालेलं जहाज एकाच आठवड्यात रॉटरडॅमला लागतील. सगळ्यांचंच असं होईल, बंदरात गर्दी होईल, जहाजं बाहेर थांबतील. तुमचे दोन-तीन कंटेनर एकदम आले आणि गोदामात जागा नसली तर मोफत मुदत संपल्यावर रोजचा डेमरेज, म्हणजे कंटेनर पडून राहण्याचा आकार, चालू होतो. म्हणून पहिल्या एक-दोन मोठ्या कंपन्यांची जहाजं कालव्यातून परत जायला लागली, की पुढचे दोन आठवडे खरेदीचा एक कंटेनर वगळा आणि मोफत मुदत काही दिवस वाढवून मागा. गर्दी होण्याआधी मागितली तर ती बरेचदा विनाशुल्क मिळते, नंतर नाही.